फिस्टुलाचा हात: थ्रिल, दाब आणि रक्त थांबायला लागणारी मिनिटं

डायलिसिस संपल्यावर सुया काढल्या, की तिथे बोटाने दाबून बसावं लागतं. रक्त थांबायला नेमकी किती मिनिटं लागली, हे फारच थोडे जण घड्याळात बघतात. चार तास खुर्चीत काढलेले असतात, भूक लागलेली असते, ठाण्याहून कल्याणकडे जाणारी गाडी गर्दी वाढायच्या आत पकडायची असते. पट्टी लागली की माणूस निघतो. या लेखात मला तुम्हाला तीच मिनिटं मोजायला सांगायचं आहे. फिस्टुला बंद पडण्याआधी बहुतेक वेळा काही आठवडे सूचना देतो. त्यातल्या दोन सूचना घरबसल्या कळू शकतात: हाताला लागणारी थ्रिल बदलते आणि सुईच्या भोकातून रक्त थांबायला जास्त वेळ लागतो.

त्यासाठी हातात काय केलेलं आहे ते आधी नीट समजून घेऊ. मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक धमनी शेजारच्या शिरेला जोडलेली असते. न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया आणि चिमिनो या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. आज साठ वर्षांनंतरही डायलिसिससाठी यापेक्षा टिकाऊ वाट सहसा मिळत नाही. मशीन मिनिटाला साधारण २५० ते ३०० मिलिलिटर रक्त ओढतं आणि साध्या शिरेत तेवढं रक्त वाहतच नाही. धमनीचं रक्त जोराने आत आलं, की शीर हळूहळू रुंद आणि जाड होते. याला दीड ते तीन महिने लागतात. नीट तयार झालेल्या फिस्टुलातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं.

या वाहत्या रक्ताला दोन टोकं आहेत. एक टोक जोडाचं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळचं; तिथून रक्त आत येतं. दुसरं टोक खांद्याकडचं. तिथून रक्त हृदयाकडे परत जातं. येणारी वाट अरुंद झाली तर शीर मऊ पडते, थ्रिल क्षीण होते आणि मशीनला पुरेसं रक्त मिळत नाही. जाणारी वाट अरुंद झाली तर उलटं होतं. रक्त आत येतं, पण पुढे सरकत नाही. शिरेत दाब वाढतो, थ्रिलच्या जागी टणक ठोका लागतो आणि सुई काढल्यावर त्या दाबामुळे भोकातून रक्त येत राहतं. म्हणून थ्रिल आणि रक्तस्राव यांचा विचार एकत्रच करायचा.

थ्रिल सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना बघायची. दुसऱ्या हाताच्या तीन बोटांची टोकं वापरा. अंगठा नको, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि फसगत होते. बोटं प्रथम व्रणावर हलकी टेकवा. तंबोरा लागलेला असताना भोपळ्याला हात लावला की बोटांना जशी अखंड कंपनं जाणवतात, तशी थ्रिल असते: मऊ आणि न तुटणारी. मग बोटं शिरेवरून हळूहळू खांद्याच्या दिशेने न्या. जोडाजवळ थ्रिल सगळ्यात जोरात लागते आणि वर जाताना ती हळूहळू कमी होत जाते. मध्येच एखाद्या जागी ती अचानक पुन्हा जोरात लागली, तर शीर त्या जागी अरुंद झालेली असू शकते. तुमच्या फिस्टुलाची चांगल्या दिवसातली थ्रिल कशी लागते, हे टेक्निशियन किंवा सिस्टरकडून एकदा बोट धरून शिकून घ्या. फरक कळण्यासाठी मूळ माहीत असावं लागतं.

त्यानंतर हात कानाला लावा. चांगल्या फिस्टुलाचा आवाज खालच्या पट्टीतला आणि सलग असतो. दोन ठोक्यांच्या मध्येही तो पूर्ण थांबत नाही. आवाज बारीक, शिट्टीसारखा झाला किंवा तुटक येऊ लागला तर ते सांगायला हवं. तिसरी तपासणी मला सगळ्यात उपयोगी वाटते आणि ती सगळ्यात कमी केली जाते. अंथरुणावर उताणे पडा, हात शरीराजवळ ठेवा. फुगलेली शीर दिसेल. आता हात सरळ वर उचला. रक्त नीट परत जात असेल तर शीर बरीच सैल पडते. हात वर करूनही ती टणक फुगलेलीच राहिली, तर पुढे कुठेतरी अडथळा असण्याची शक्यता आहे. व्रणाकडचा भाग फुगलेला आणि खांद्याकडचा भाग सपाट दिसला, तर जिथे हा बदल होतो तिथेच अडथळा असू शकतो. या तिन्ही गोष्टींना मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, डोंबिवली पूर्वेला राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते ठाण्याला डायलिसिसला जातात. डाव्या कोपराजवळचा फिस्टुला दोन वर्षांपासून उत्तम चालला आहे. त्यांची पत्नी एका वहीत दर डायलिसिसच्या दिवशी तीन गोष्टी लिहिते: थ्रिल कशी होती, वरच्या सुईच्या जागी रक्त किती मिनिटांत थांबलं आणि घरी पट्टी ओली झाली का. महिनोन्महिने दुसऱ्या रकान्यात आठ, नऊ, दहा असे आकडे आहेत. मग एका सोमवारी पंधरा मिनिटं लागतात. बुधवारी सोळा. शुक्रवारी बावीस, आणि घरी येईपर्यंत शर्टाच्या बाहीला डाग.

एखाद्या दिवशी जास्त वेळ लागला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्या दिवशी हेपरिन थोडं जास्त गेलं असेल, सुई तिरकी बसली असेल किंवा रक्त पातळ करणारी नवी गोळी सुरू झाली असेल. पण सलग तीन पाळ्यांना वेळ वाढत गेला, तर ती कारणं पुरत नाहीत. अशा वेळी शिक्षकांनी दोन प्रश्न विचारायचे. एक टेक्निशियनला: "गेल्या महिन्यात माझं व्हीनस प्रेशर किती होतं आणि आता किती आहे?" मशीन हा आकडा दर पाळीला दाखवतं आणि तो कागदावर लिहिलेला असतो. रक्ताचा वेग आणि सुई तीच असताना तो चढत गेला, तर पुढची वाट अडते आहे. दुसरा प्रश्न डॉक्टरांना: "हाताचा डॉपलर करायचा का?"

आपल्या उदाहरणात डॉपलरमध्ये खांद्याखाली, जिथे ही शीर वळून खोल शिरेला मिळते, त्या वळणावर अरुंदपणा दिसतो. कोपराजवळच्या फिस्टुलात ही जागा वारंवार अरुंद होते. मग फुग्याने ती जागा रुंद करतात. त्याला अँजिओप्लास्टी म्हणतात. हृदयाच्या अँजिओप्लास्टीबद्दल लोकांना माहीत असतं, हाताची असते हे अनेकांनी ऐकलेलं नसतं. त्यानंतर वहीतले आकडे पुन्हा आठ-दहावर येतात. ती जागा काही महिन्यांनी परत अरुंद होऊ शकते, म्हणून वही चालू ठेवायची.

वही नसती तर ही गोष्ट वेगळी घडली असती. अरुंद वाटेत रक्त मंदावतं, एका दिवशी डायलिसिसनंतर बीपी पडतं आणि रात्रीतून फिस्टुलात गुठळी होते. सकाळी बोटांना काहीच लागत नाही. असं झालं तर आधी जागा बदलून आणि कान लावून खात्री करा, बीपी दुसऱ्या हातावर बघा आणि लगेच डायलिसिस सेंटरला फोन करा. पुढच्या पाळीपर्यंत थांबू नका. गुठळी ताजी असताना, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांत, ती काढून फिस्टुला वाचवण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. त्या हाताला चोळू नका, तेल लावून मालिश करू नका. फाइल आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्या. रक्त पातळ करणारी गोळी कोणती चालू आहे हे तिथे पहिल्यांदा विचारतात. उशीर झाला तर मानेत कॅथेटर टाकावा लागतो. त्यातून रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त असतो.

थ्रिल एरवी दिवसातून दोनदा पुरते, पण काही दिवशी जास्त वेळा बघावी. डायलिसिसमध्ये बीपी पडलं त्या संध्याकाळी, जुलाब-उलट्या होत असताना, ताप असताना आणि कुठल्याही शस्त्रक्रियेनंतर. पावसाळ्यात पोट बिघडलं की अंगातलं पाणी कमी होतं, बीपी उतरतं आणि फिस्टुलातला वेग मंदावतो. डायलिसिसच्या दिवशी बीपीची गोळी घ्यायची की नाही, कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ती परस्पर बंद करू नका.

आता हाताच्या सांभाळाबद्दल. मुख्य नियम असा, की त्या हाताच्या शिरेवर बाहेरून दाब नको आणि डायलिसिसखेरीज दुसरी कुठलीही सुई नको. बीपीचा पट्टा त्या हाताला नाही, रक्ततपासणी नाही, सलाइन नाही. डायलिसिस सेंटरमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं. अडचण इतरत्र येते. सोसायटीतलं आरोग्य शिबिर, घरी रक्त घ्यायला येणारा लॅबचा मुलगा, दातांचा दवाखाना, अपघात विभाग. तिथे समोरच्याने विचारण्याची वाट न बघता "या हाताला डायलिसिसचा फिस्टुला आहे, दुसरा हात घ्या" असं आपण आधी म्हणायचं. रुग्ण शुद्धीत नसेल तर हे सांगणं बरोबरच्या माणसाचं काम आहे. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: डावा हात, फिस्टुला, सुई आणि बीपी नको. ज्यांची किडनी कमजोर झाली आहे पण डायलिसिस अजून सुरू झालेलं नाही, त्यांनीही ज्या हाताने लिहीत नाहीत तो हात आतापासून राखावा. त्यांचं रक्त शक्यतो हाताच्या पाठीवरच्या शिरेतून घ्यावं. कोपराजवळची शीर सुयांनी खराब झाली, की पुढे फिस्टुला करायला जागा उरत नाही.

आपल्या भागात हाताला सगळ्यात मोठा धोका लोकलचा. डायलिसिसला जाणाऱ्या माणसाने शक्य असेल तर सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी कल्याणकडे जाणारी गर्दी टाळणारी पाळी मागून घ्यावी. सेंटरमध्ये विचारलं तर कधी कधी जमवून देतात. जावंच लागलं तर बॅग दुसऱ्या खांद्यावर. बॅगचा पट्टा फिस्टुलाच्या खांद्यावर किंवा कोपराच्या घडीत अडकवला, तर तासभर शिरेवर तेवढाच दाब राहतो. वरची कडी फिस्टुलाच्या हाताने धरू नका, विशेषतः परतताना; डब्याचा धक्का बसला की ताज्या भोकांवरची खपली सुटते. बसायला मिळालं तर असं बसा, की तो हात माणसांच्या बाजूला न येता खिडकीच्या बाजूला येईल. रिक्षात त्या हाताने दांडा धरून बसू नका.

घरातल्या गोष्टी याहून साध्या आहेत, पण रोजच्या आहेत. त्या हातात घड्याळ नको, घट्ट बाहीचा ब्लाउज किंवा शर्ट नको. बांगड्या दुसऱ्या हातात घालाव्यात. लग्नसमारंभात चुडा भरताना किंवा रक्षाबंधनाला नको म्हणायला अवघड वाटतं, तेव्हा घरच्यांनीच आधी सांगून ठेवावं. गंडा, दोरा त्या मनगटाला बांधू नका. त्या कुशीवर झोपू नका, हात डोक्याखाली घेऊ नका. पाण्याची बादली, गॅसचा सिलिंडर, भरलेली भाजीची पिशवी दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या माणसाने उचलावी. याचा अर्थ हात गळ्यात बांधून ठेवायचा असा मात्र नाही. लिहिणं, स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या हे सगळं त्या हाताने करावं. नव्या फिस्टुलाला डॉक्टरांनी सांगितल्यावर मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. बोटं सतत गार, निळसर किंवा बधिर होत असतील, रात्री दुखत असतील, तर बोटांना रक्त कमी मिळत असण्याची शक्यता आहे. ते थंडीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक सवय रुग्णांच्या अंगी फार मुरलेली असते. "तिथेच टोचा, तिथे दुखत नाही." वारंवार एकाच जागी टोचल्यावर त्या जागेची कातडी बधिर होते हे खरं, पण तीच कातडी पातळही होते आणि शिरेची भिंत फुगून गाठ येते. सुईची जागा दर पाळीला थोडी वर-खाली सरकत गेली पाहिजे. दुखण्याचा त्रास असेल तर बधिर करणारं मलम मिळतं. ते सुईच्या साधारण तासभर आधी लावावं लागतं, त्याबद्दल विचारा. सुई टोचण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुणं हे तुमचं काम आहे आणि ते तुमच्यासाठी दुसरं कोणी करत नाही.

आता रक्त थांबवण्याबद्दल. सुई काढल्यावर दोन बोटांनी दाबा, एका नाही. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक आणि शिरेचं भोक एकावर एक नसतात; शिरेचं भोक सुई गेली त्या दिशेला थोडं पुढे असतं. नुसतं वरचं भोक दाबलं तर बाहेर रक्त दिसत नाही, पण आत ते पसरत जातं आणि दुसऱ्या दिवशी हात काळानिळा पडून सुजतो. दाब एवढाच ठेवा, की रक्त थांबेल पण दाबलेल्या जागेच्या वर आणि खाली थ्रिल लागत राहील. थ्रिलच थांबेल इतकं दाबलं तर गुठळी होऊ शकते. दहा मिनिटं बोट उचलून बघायचं नाही. मध्येच बघितलं की बनत आलेली गुठळी सुटते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. घरी गेल्यावर चिकटपट्टी काही तासांनी काढून टाका. हाताभोवती गोल गुंडाळलेली घट्ट पट्टी रात्रभर ठेवू नका.

वाटेत किंवा घरी थोडं रक्त आलं, तर बसून घ्या, हात छातीच्या वर उचला, स्वच्छ गॉज किंवा रुमालाची छोटी घडी त्या भोकावर ठेवून बोटांनी दाबा. यासाठी गॉजची पाकिटं आणि चिकटपट्टी बॅगेत कायम असू द्या. वीस मिनिटं नीट दाबूनही थांबलं नाही, तर सेंटरला फोन करा आणि रुग्णालयात जा.

जोराने, उसळून रक्त आलं तर मात्र कुठलंही मिनिट मोजत बसू नका. फिस्टुलातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं आणि माणसाच्या अंगात सगळं मिळून साधारण पाच लिटर असतं. यात पहिल्या मिनिटांत जवळच्या माणसाने काय केलं, त्यावर सगळं ठरतं. रुग्णाला खाली झोपवा, हात वर उचला आणि नेमक्या भोकावर बोटाने जोराने दाबा. या वेळी थ्रिलचा विचार करायचा नाही. मोठा टॉवेल गुंडाळू नका; तो रक्त शोषून घेतो आणि खाली काय चाललं आहे ते दिसू देत नाही. पाण्याच्या बाटलीचं झाकण हाताशी असेल तर त्याची पोकळ बाजू भोकावर येईल असं उपडं ठेवून ते दाबून धरा. दाब एका जागी एकवटतो. वरच्या बाजूला ओढणी किंवा दोरी बांधू नका. अशा बांधण्याने रक्त परत जाण्याची वाट बंद होते, पण येणारं रक्त थांबत नाही, त्यामुळे स्राव वाढू शकतो. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा, दाबणाऱ्याने हात सोडायचा नाही. रुग्ण घरात एकटा असेल तर त्याने आधी दाबावं, मग दाराची कडी काढून हाक मारावी आणि दाराजवळच जमिनीवर आडवं व्हावं. कल्याण-शीळ रस्त्यावर किंवा घोडबंदरवर गाडी किती वेळ अडेल हे कुणाच्या हातात नाही, म्हणून दाब रुग्णालयात डॉक्टर हात लावेपर्यंत चालू ठेवायचा.

असा मोठा स्राव अनेकदा अचानक येत नाही. फिस्टुलाच्या गाठीवरची कातडी ताणून चकाकायला लागते, तिथली खपली पुढच्या पाळीपर्यंत पडत नाही, उलट मोठी आणि काळी होत जाते, आजूबाजूला लाली, उष्णता किंवा पू दिसतो. डायलिसिस नसलेल्या दिवशी त्या खपलीतून दोन थेंब रक्त येतं आणि आपोआप थांबतं. हे दोन थेंब सगळ्यात धोक्याचे. खपली नखाने काढू नका, तिथे पुन्हा सुई घालू देऊ नका आणि रक्त थांबलं म्हणून घरी थांबू नका. त्याच दिवशी रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचा. तसं रुग्णालय आपल्या घराजवळ कोणतं, रात्री तिथे सर्जन असतात का, नसतील तर कळव्याला, सायनला की परळला जायचं, हे आजच सेंटरच्या डॉक्टरांना विचारून तो नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड असेल, तर त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फिस्टुलाची दुरुस्ती त्यात बसते का आणि कोणते कागद लागतील हेही आधीच विचारून ठेवा.